वाणाची किटली

अधिक महिना तीनेक वर्षांतून एकदाच येतो, यात पंचांगकर्त्यांनी सासऱ्यांवर मोठे उपकार केले आहेत. दरवर्षी आला असता तर मुलींच्या बापांनी पंचांगच बदललं असतं. या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, तेहेतीस अनारसे द्यायचे, वर एखादं भांडं आणि दिवा. आमच्या हिच्या मनात तांब्याचा तांब्या ठरलेला होता. तिच्या माहेरी, पोलादपूरच्या वरच्या वाडीत, तिच्या बापाने मलाही तांब्याच दिला होता. तो अजून आहे, माळ्यावर.

पण मी पडलो सुशिक्षित सासरा. जावयाला काय आवडतं ते त्यालाच विचारावं, असं माझ्या डोक्यात आलं. मी फोन केला. लेक आणि जावई पुण्यात असतात. जावई म्हणाला, "बाबा, खरंच द्यायचंच असेल तर गूजनेक किटली द्या. टेम्परेचर कंट्रोलवाली असली तर उत्तमच."

मी "हो हो, देऊ की" म्हणून फोन ठेवला. ही शेजारीच उभी होती. "काय म्हनाले?" म्हणाली.

"किटली."

"चहाची?"

"कॉफीची."

"घरात धा किटल्या असतील त्यांच्या," ती म्हणाली. "आनि पूजेच्या पाटावर किटली ठेवू मी?"

जामाता दशमो ग्रहः असं म्हणतात. आमचा हा ग्रह कॉफीचा आहे. पहिल्यांदा घरी आला तेव्हा आमची दुधाची कॉफी त्याने अर्धी प्याली आणि अर्धी कपात ठेवली. पुढच्या खेपेला स्वतःचं सामान घेऊन आला: वरती कोनासारखं एक चिनी मातीचं भांडं, त्यात कागद, कागदात दळलेली कॉफी, खाली काचेचा कप, आणि बाजूला सोनाराकडे असतो तसला छोटा तराजू. या कागदातल्या कॉफीवर बारीक धारेने, गोल गोल, थांबून थांबून गरम पाणी ओतायचं. हिने ते पाहून मला आत बोलावून विचारलं होतं, "अवो, ह्ये अभिषेक कशाला घालतायत?"

मी मात्र ते पाहताना नजर दुसरीकडे वळवली होती. त्याचं कारण सांगायला हवं.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलं. रोज पोलादपूरहून कंपनीच्या बसने जायचं आणि दिवसभर काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रव खालच्या चंबूत सोडायचा. रंग पालटेल त्या थेंबाला हात थांबला पाहिजे. एक थेंब जास्त गेला की सगळं ओतून द्या आणि पुन्हा पहिल्यापासून. माझा हात कधी चुकत नसे. मी हे नम्रपणे सांगत नाही, कारण नम्रपणा दाखवावा इतकं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. कारखान्यातला माल माझ्या सहीशिवाय फाटकाबाहेर जात नसे.

निवृत्तीनंतर त्याच उजव्या हाताला कंप सुटला. हात मांडीवर असला की गप्प, पण कप उचलायला गेलो की थरथर. पुण्याच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, हा तुम्हाला वाटतो तो मोठा आजार नाही, नुसता कंप आहे, जिवाला धोका नाही. जिवाला नाही म्हणाला. बाकी कशाला आहे ते त्याच्या विषयात येत नव्हतं.

घरात काय झालं ते सांगतो. कोणी मला काही बोललं नाही, हेच झालं. माझ्या हातातलं पातेलं अलगद दुसऱ्या हातात जायचं. माझा कप अर्धाच भरलेला यायचा. मी कधी हट्टाने चहा केला आणि अर्धा बशीत, अर्धा ओट्यावर सांडला, तरी लेक म्हणायची, "किती छान झालाय, बाबा!" त्यात साखर नसायची. पूर्वी याच घरात आमटीला मीठ कमी पडलं तर मी आणि ही दोन दिवस भांडत होतो. आता ही माझ्याशी भांडेना. बालवाडीतल्या पोराने काढलेलं चित्र बघून बोलतात ना, तसं सगळे माझ्याशी बोलू लागले. हात हलतो याचा मला इतका राग नव्हता. आपण केलेलं काहीही चालतं, याचा होता.

तर असा मी, किटली निवडायला बसलो.

मोबाइलवर बघितलं तर दोन जाती. एक साधी गूजनेक: स्टीलची, बुडापासून निघून वर वाकलेली लांब, बारीक नळी, गॅसवर ठेवायची. दुसरी तशाच नळीची, पण विजेवर चालणारी. खाली बैठक, त्यावर आकडे, ब्याण्णव म्हणाल तर पाणी ब्याण्णव अंशांवर नेऊन तिथेच धरून ठेवते. किंमत साध्या किटलीच्या चौपट. म्हणजे बाकीचे तीन हिस्से कशाचे, तर आकड्यांचे. ज्या माणसाने थर्मामीटरवर पोट भरलं त्याला हे आकडे कोणी विकावेत, याचं मला हसू आलं.

महाडला माझा एक जुना मित्र आहे. आखातातल्या एका मोठ्या हॉटेलात कॉफीच्या काउंटरवर त्याची उमेदीची वर्षं गेली. आता परत येऊन मुलाचा ट्रान्सपोर्टचा धंदा बघतो, म्हणजे ऑफिसात बसून मुलाला सल्ले देतो. मी त्याला भाई म्हणतो आणि तो मला साहेब म्हणतो, दोघांपैकी कोणीच ते मनावर घेत नाही. त्याच्या घरी साधी गूजनेक आहे हे मला माहीत होतं. मी एसटीने महाडला गेलो आणि त्याच्यासमोर प्रश्न ठेवला.

"नली पायजे," भाई म्हणाला. "नली नसली तं धबाक्कन पानी पडतंय, कॉफीत खड्डा. मंग येक बाजू कडू, येक बाजू कच्ची. नलीचे पैसे दे. आकड्यांचे देऊ नको."

"आणि तापमान?"

"पानी उकलव, झाकन काढ, जरा थांब. तितल्या साहेबांना पन मी आसंच देत होतो. येकाने पन थर्मामीटर लावला नाय."

"पण जावयाने मागितलीय."

"मंग इचारायला कशाला आलास?" भाई म्हणाला. "जावयाने हत्ती मागितला तर तू मला हत्तीचं वजन इचारशील?" मग त्याने आपली किटली पिशवीत घालून मला दिली. "घेऊन जा. दोनी बाजूबाजूला ठेव. तुला मोजल्याबिगर झोप नाय लागनार."

माणूस वाटेल ते बोलतो, पण मला ओळखतो.

शेवटी मी विजेवरचीच मागवली. जावयाने मागितलं ते द्यायचं, त्यात अक्कल चालवायची नाही, असा मी मोठ्या मनाने निर्णय घेतला. खोकं आलं. काळी, गुळगुळीत, चांगली जड किटली. हिने लांबूनच पाहिली. "झारीच हाय ही," म्हणाली. "तुळशीला पानी घालायची."

आता इथे माझ्या हातून जे झालं ते कोणत्याही प्रयोगशाळेतल्या माणसाच्या हातून झालं असतं. माल बाहेर जायच्या आधी तपासायचा. हे माझ्या रक्तात आहे. दारातून न तपासलेली वस्तू जावयाच्या घरी जाणार, तिथे ती ब्याण्णव दाखवून पाणी अठ्ठ्याऐंशीवरच ठेवणार, आणि तो तोंडाने काही न बोलता अर्धा कप ठेवणार. ही बाजारात गेली होती. मी किटली काढली, धुतली, पाणी भरलं आणि बटण दाबलं.

त्या दिवशी आमच्याकडे विजेचा दाब कमी होता. पंखा आपल्याच मर्जीने फिरत होता. आकडे साठाच्या पुढे सरकेनात. तेवढ्यात मी भाईची किटली गॅसवर चढवली, तिचं पाणी उकळून खळखळलं, तरी ही महाराणी सत्तरवर. अखेर ब्याण्णव झालं तेव्हा मी माझा जुना काचेचा थर्मामीटर बुडवला. एका अंशाचा फरक. एक अंश मी कारखान्यातसुद्धा सोडून दिला असता. यंत्र खोटं बोलत नव्हतं.

मग भाईची पद्धत. उकळतं पाणी, झाकण काढून थोडं थांबलो, तर तेही नव्वदीच्या वरच्या घरात आलं. पातेल्यात उकळवून गार किटलीत ओतलं, तर थांबायचीही गरज नाही. गार स्टील स्वतःच चार-सहा अंश खाऊन टाकतं. आणि गंमत अशी की पाणी काही असो, कॉफीच्या पुडीत पोचेपर्यंत आणखी काही अंश उतरतंच. हलकी भाजलेली कॉफी असेल तर पाणी जास्त गरम लागतं, काळी भाजलेली असेल तर थोडं कमी, हे खरं. पण एवढं साधायला थोडं थांबता आलं तरी पुरतं. थोडक्यात, जास्तीचे तीन हिस्से थांबायचा कंटाळा असलेल्यांसाठी आहेत. दिवसभर पाहुण्यांना एकामागून एक कप करून द्यायचे असतील, किंवा सकाळी डोळे उघडायच्या आत कॉफी हवी असेल, तर घ्यावी. पोलादपूरमध्ये निवृत्त माणसाला थांबण्याशिवाय दुसरं काम काय आहे?

इथवर सगळं शास्त्रशुद्ध चाललं होतं. पण नळीची परीक्षा राहिली होती, आणि ती माझ्या हाताने करायची होती. घरात कोणी नव्हतं. मी जुन्या गाळणीत कागद घातला, बाजारातली साधी कॉफी टाकली.

भाईची किटली हलकी. उचलली आणि धार साप चालल्यासारखी नागमोडी पडली, अर्धी कागदावर, अर्धी ओट्यावर. मग जावयाची जड किटली उचलली. हात हलला, पण कमी. डॉक्टर म्हणाला होता खरा की जड भांडं धरलं तर काहींना बरं पडतं. तेव्हा मी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. धार बारीक आली. थरथरत होती, पण कॉफीवरच पडत होती. मी एक गोल फिरवला, दुसरा फिरवला. मला एकदम रडूच आलं. घरात कोणी नसल्यामुळे ते मी दाबलंही नाही.

ही परत आली तेव्हा मी नळी पुसत होतो.

"काय केलंत ह्ये?"

"तपासली."

"पानी तापवलंत तिच्यात?"

"नुसतं पाणीच."

हिने पिशवी खाली ठेवली. "वानाचं भांडं वापरलंत? आता वापरलेलं भांडं जावयाला देनार? लोक काय म्हनतील? अवो, सायबांनी पापड भाजायच्या आधी खाऊन बघितला!"

मी शास्त्र सांगायचा प्रयत्न केला, पण या खात्यात तिचं शास्त्र वरचढ. न वापरलेलं, कोरं भांडंच वाणात चालतं. मी म्हणालो, धुऊन देऊ. ती म्हणाली, धुतलेलं ते कोरं होतं का? मी म्हणालो, जावयाला कळणार नाही. ती म्हणाली, देवाला कळेल. कितीतरी दिवसांनी ती माझ्यावर इतकी चिडली होती, आणि खरं सांगायचं तर मला ते फार बरं वाटलं. संध्याकाळी तिने महाडहून तांब्याचा तांब्या मागवला. किटली ओट्यावर राहिली. इतकी महाग वस्तू आमच्या घरात केवळ माझ्या प्रामाणिकपणामुळे आली, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

लेक आणि जावई आले. वाण झालं. अनारसे जाळीदार झाले होते आणि जावयाने दोन खाऊन बाकीचे बांधून द्यायला सांगितले, त्यामुळे ही खूश. तांब्या त्याने दोन्ही हातांनी घेतला, नमस्कार केला. मग त्याची नजर ओट्यावर गेली.

"ही तर..."

"तुमचीच होती," मी म्हणालो. "मी तपासली, म्हणून बाद झाली."

त्याला सगळी हकिगत लेकीने हसत हसत सांगितली. तो हसला नाही. किटलीजवळ गेला, उचलून वजन बघितलं, नळी दिवसाच्या उजेडात फिरवून बघितली. पोरगा तसा गंभीरच आहे. लग्नाच्या फोटोतही हिशेब तपासत असल्यासारखा दिसतो. "तर मग बाबा, तुम्ही करा," तो म्हणाला. "मी चिकमगळूरची आणलीय."

लेक चटकन उठली. "मी करते ना. बाबांना कशाला त्रास?"

"तपासली त्यांनी," जावई म्हणाला. "त्यांनाच येत असेल."

माझे कान तापले. ही पोटमाळ्याकडे बघत होती, लेक माझ्या हाताकडे. नाही म्हणणं सोपं होतं. कंबर दुखते म्हणालो असतो तर चार जणांनी उशा आणल्या असत्या. मी उठलो. बटण दाबलं आणि वीज गेली. आमच्याकडे ती जाते ही काही बातमी नाही, पण त्या दिवशी तिने वेळ बरोबर साधली. आकड्यांची काळी पाटी झाली. चौपट पैशांतले तीन हिस्से त्या क्षणी माझ्या डोळ्यांदेखत अंधारात गेले.

"पातेल्यात उकळव गं," मी हिला म्हणालो. उकळलं तसं तिने पाणी किटलीत ओतलं. तेवढं तिनेच ओतलं, मी तिला ओतू दिलं. आता उरली नळी आणि माझा हात.

जावयाने तराजूवर कॉफी मोजून दिली. आधी कागद भिजवला. मग थोडंसं पाणी घालून थांबायचं, कॉफी फुगते, तिच्यातली हवा बाहेर पडते. तिथवर जमलं. मग गोल. पहिला गोल बरा गेला. दुसऱ्या वेळी हात मनासारखा राहिला नाही. धार मध्येच घसरली, कागदाच्या कडेवर गेली, परत आली ती एकाच जागी धो धो. कॉफीत एका बाजूला खड्डा पडला आणि मला तो दिसत होता. सगळ्यांनाच दिसत होता. थोडं पाणी तराजूवर सांडलं. शेजारच्या घरातला प्रेशर कुकर तेवढा शिट्टी मारत होता.

मी किटली ठेवली. जावयाने कप उचलला. लेक लगेच म्हणाली, "वा! काय वास सुटलाय! बाबा, एकदम कॅफेसारखी!" ही म्हणाली, "रंग चांगला हाय." दोघींनीही अजून ती चाखली नव्हती.

जावई प्यायला. थोडा वेळ तोंडात धरली. पुन्हा प्यायला. मग कप खाली ठेवला, भरलेलाच.

"नाही जमली," तो म्हणाला.

लेकीने त्याच्याकडे असं बघितलं की ते पुण्याला वेगवेगळ्या गाड्यांनी जाणार असं वाटलं. "अरे, काय बोलतोस?"

"आंबटही आहे आणि कडूही," तो म्हणाला, माझ्याकडे बघून. तिच्याकडे नाही. "एका बाजूला पाणी जास्त गेलं, दुसऱ्या बाजूची कॉफी तशीच राहिली. कडेने गेलं ते नुसतंच खाली उतरलं. ही चालणार नाही, बाबा."

ही ओठ चावत होती. मी त्याच्या पुढचा कप उचलला. माझ्या हाताने, हलत्या. थोडी बशीत सांडली. प्यायलो. आंबट होती. कडू होती. अगदी तो म्हणाला तशी. वर्षभरात माझ्या हातच्या कुठल्याही गोष्टीबद्दल कोणी खरं बोललं नव्हतं, आणि हा घरात नवा आलेला पोरगा माझ्या तोंडावर माझा माल नापास करत होता. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मारली नाही.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"किटली अर्धीच भरा," तो म्हणाला. "आणि कोपर ओट्यावर टेकवा. उभ्याने नको, स्टूल घ्या."

"ओतून टाक ती," मी लेकीला म्हणालो. ती कप घेऊन तशीच उभी राहिली, कारण या घरात माझं काही ओतून टाकायची तिला सवय राहिली नव्हती. शेवटी जावयानेच तिच्या हातातून कप घेतला आणि कॉफी मोरीत ओतली. मी स्टूल ओढलं आणि बायकोला पुन्हा पाणी ठेवायला सांगितलं.